मे महिन्याआधी ओळखा: किनाऱ्यावरच्या हॉटेल-रिसॉर्टमधली करपत चाललेली माणसं. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यात समुद्राजवळ आमचं सोळा खोल्यांचं रिसॉर्ट आहे. माझ्यासकट कामाला बारा-तेरा माणसं असतात. दिवाळी, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि मे महिना हे आमचे कमाईचे दिवस, आणि माणसं तुटतात तीही याच दिवसांत. आसपासच्या रिसॉर्टवाल्यांशी, होमस्टे चालवणाऱ्या बायकांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय? सीझनला सगळेच दमतात की.

दमलेला माणूस झोपला, दोन दिवस घरी राहिला की परत येतो तो पहिल्यासारखा येतो. बर्नआउट झालेला माणूस सुट्टीवरून येतो तोही दमलेलाच असतो. एवढी एकच कसोटी लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली. तिथे तो आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी स्थिती म्हणून नोंदला आहे. कामावरचा ताण बरेच दिवस चालू राहिला आणि कोणी त्याची व्यवस्था लावली नाही की तीन गोष्टी होतात: शक्ती संपल्यासारखं वाटतं, कामापासून मन तुटतं किंवा कामाबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटायला लागतं. माझ्या मते यातली दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शरीराचा थकवा चेहऱ्यावर दिसतो. मन तुटलेलं दिसत नाही, कारण माणूस काम करतच असतो. चुलीवरचा भात तळाला लागतो तेव्हा वरचा थर पांढराशुभ्रच असतो, वास आला की मगच कळतं. म्हणून आम्ही घरात त्याला ‘करपणं’ म्हणतो.

आधी कोण करपतं? कामचुकार माणसं का?

नाही, सगळ्यात चांगला माणूस. याचं कारण साधं आहे. काम त्याच्याकडेच जातं जो ते करतो. जनरेटर बंद पडला की त्याला हाक, पाहुणा भडकला की त्याला हाक, नवा पोरगा चुकला की निस्तरायला तोच. त्याला एकदा जमलं म्हणून दुसऱ्यांदा त्यालाच सांगितलं जातं, आणि तिसऱ्यांदा कोणी सांगतही नाही, तो आपणहून करतो. पगाराच्या कागदावर यातलं काहीच येत नाही.

आमच्याकडे एक स्वयंपाकी मामा होते. हाताला अशी चव की पाहुणे नाव विचारून यायचे. त्या वर्षी मे महिन्यात दुसरा स्वयंपाकी अर्ध्यात सोडून गेला, आणि मामांनी दोघांचं काम एकट्याने ओढलं. मी रोज विचारायचे, “मामा, जमतंय ना?” ते म्हणायचे, “होतला ओ वैनी.” मी त्या ‘होतला’वर विसंबले. पावसात कामं कमी झाली, त्यांना विश्रांतीही मिळाली, मला वाटलं सगळं ठीक झालं. गणपतीला घरी गेले ते परत आलेच नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, “आता त्या चुलीसमोर उभा रवाचा असा वाटणा नाय.” पगाराबद्दल, माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी त्यांना पैसे वाढवून देते म्हटलं, पण निर्णय मे महिन्यातच झालेला होता. मला तो सप्टेंबरात कळला.

हे कोकणात फार ठिकाणी असंच घडतं. इथला माणूस तोंडावर राजीनामा देत नाही. तो गणपतीला किंवा शिमग्याला गावी जातो आणि मग येत नाही.

मग आधी कळायचं कसं? कुठल्या खुणा बघायच्या?

माणसाची तुलना दुसऱ्याशी करू नका, त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या रूपाशी करा. मुळात अबोल असलेला माणूस गप्प आहे यात खूण काही नाही. भांडकुदळ माणूस गप्प झाला तर आहे.

माझ्या अनुभवात सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे तक्रार बंद होणं. चांगला माणूस कामावर चिडत असतो: चादरी कमी आहेत, सात नंबरचा नळ गळतोय, तो मासेवाला फसवतोय. हे चिडणं म्हणजे त्याचा जीव अजून कामात आहे. एक दिवस तो म्हणतो, “तुमीच बघा काय ता,” आणि त्यानंतर काही सुचवत नाही, कशाला विरोध करत नाही. मालकाला वाटतं, चला, शहाणा झाला. खरं तर त्याने मनातून हात काढून घेतलेला असतो.

दुसरी खूण बोलण्यातली. आमच्याकडे सगळेच खोलीच्या नंबराने बोलतात, त्यात गैर काही नाही. पण जी मुलगी आधी “त्या पुण्याच्या आजी, त्यांना गरम पाणी लागतं” असं सांगायची, ती “अकरा नंबरला परत काहीतरी पाहिजे” असं म्हणायला लागली तर थांबून विचार करावा.

तिसरी खूण चुकांची. मुरलेल्या माणसाच्या हातून नवशिक्या चुका होतात. एकच खोली दोघांना दिली जाते, मिठाचा अंदाज चुकतो, किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. चौथी हजेरीवहीत सापडते. गर्दीचा शनिवार-रविवार उलटला की मंगळवारी डोकं दुखतंय, पोट बिघडलंय, असं महिन्यातून दोन-तीनदा होतं. याच्या उलटही घडतं, माणूस सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतो, कारण घरी बसलं की फोन वाजतच राहतो.

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन खुणा एकत्र, तीनेक आठवडे टिकून राहिल्या तर बोलायची वेळ झाली.

विचारलं तर “काही नाही” म्हणतात. कसं विचारायचं?

“बरा आहेस ना?” या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे. मालकाने विचारलं तर ते बदलणारही नाही, कारण प्रामाणिक उत्तर म्हणजे कमीपणा. म्हणून भावना विचारू नयेत, काम विचारावं. “गेल्या आठवड्यात रात्री किती वेळा उठायला लागलं?” “पुढच्या आठवड्यातलं एक काम तुझ्याकडून काढून घेते, कुठलं काढू?” “सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?” या प्रश्नांना आकडे आणि नावं येतात.

काउंटरपाशी, चारचौघांत विचारू नका. मी दुपारी जेवणं आटोपल्यावर, वाडीतल्या आंब्याखाली किंवा बाजारातून येताना गाडीत विचारते. वयाने मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणून, काका-मामा म्हणून, आणि आधी आपली चूक कबूल करून: “मामा, मे महिन्यात तुमच्यावर जास्तच टाकलं मी. यंदा तसं करायचं नाहीये, काय बदलू सांगा.” असं विचारलं आणि उत्तर मिळालं, तर आठवड्याच्या आत त्यातलं एक तरी काम प्रत्यक्ष काढायला हवं. विचारून काही न करणं हे न विचारण्याहून वाईट. पुढच्या वेळी तो माणूस काही सांगणार नाही.

माणसावर खरोखर किती काम आहे हे मोजता येतं का?

येतं, आणि मोजल्याशिवाय पुढचं काही करू नये. मामा गेल्यानंतरच्या वर्षी मला आमच्या फ्रंट ऑफिस सांभाळणाऱ्या मुलीत वरच्या खुणा दिसायला लागल्या. फेब्रुवारी होता, आंगणेवाडीची जत्रा नुकतीच उरकली होती. तिची ड्युटी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणाचा तास, आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे कागदावर दिवसाला आठ तास, आठवड्याचे ४८. माझ्या नजरेत यात जास्त काही नव्हतं.

मी तिला एक साधी वही दिली आणि सांगितलं, एक आठवडा ड्युटीबाहेर जे जे करशील ते वेळेसकट लिही, पाच मिनिटांचा फोनसुद्धा. एक आठवडा संपल्यावर आम्ही दोघींनी बेरीज केली. रिसॉर्टचा नंबर तिच्याच मोबाइलमध्ये होता. संध्याकाळी सहानंतरचे फोन आणि व्हॉट्सॲप मिळून रोज साधारण दीड तास, तेही सुट्टीच्या दिवसासकट सातही दिवस, म्हणजे साडेदहा तास. मुंबई-पुण्याहून गाडीने निघालेले आणि घाटात किंवा महामार्गावर अडकलेले पाहुणे रात्री दहा-अकराला पोहोचायचे. अशा तीन रात्री ती थांबली, प्रत्येकी दोन तास, ते सहा. आणि सुट्टीच्या दिवशी बिलांच्या नोंदी संगणकात चढवायला चार तास. एकूण साडेवीस तास. म्हणजे ४८ नव्हे, साडेअडुसष्ट.

आणि हा फेब्रुवारी होता, मे नव्हे.

आकड्यापेक्षाही मला जास्त लागलं ते दुसरंच. त्या आठवड्यात एकही संध्याकाळ अशी नव्हती की जेव्हा तिचं काम पूर्ण संपलं होतं. तास कमी असले तरी फोन कधीही वाजेल या धास्तीत बसलेला माणूस विश्रांती घेत नसतो.

मोजलं. आता त्यातून काढायचं काय आणि कसं?

काम वाटून टाकण्याआधी त्यातलं किती काम करायलाच नको हे बघावं. नुसतं एकाचं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं तर सहा महिन्यांनी तो दुसरा जातो.

तिच्या वहीतले फोन आम्ही नीट वाचले. निम्म्याहून जास्त फोन चार-पाच प्रश्नांचे होते: रस्ता कुठला, कुडाळ स्टेशनवरून रिक्षा मिळते का, चेक-इन किती वाजता, जेवणात मासे मिळतील का, स्कूबा सुरू आहे का. याची उत्तरं आम्ही एका पानावर लिहिली आणि बुकिंग पक्कं झालं की लगेच पाठवायला लागलो, नकाशाच्या खुणेसकट. फोंडा घाटात नेटवर्क जातं, म्हणून वळणं शब्दांतही लिहिली. मग रिसॉर्टसाठी वेगळं सिमकार्ड आणि साधा फोन घेतला, तो काउंटरवरच राहतो, कोणाच्या घरी जात नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये रात्री आठनंतर आपोआप जाणारा संदेश लावला: “आपल्या चौकशीचं उत्तर सकाळी नऊनंतर देऊ. आज मुक्कामाला येत असाल तर या नंबरवर फोन करा.” तो फोन रात्रपाळीचा माणूस उचलतो.

रात्री उशिरा येणाऱ्यांचं रजिस्टरचं काम आधीच करून ठेवायला लागलो. नाव, पत्ता, गाडीचा नंबर आधी मागवायचा, अर्ज भरून किल्लीबरोबर पाकिटात ठेवायचा. रात्रपाळीचे काका फक्त मूळ ओळखपत्र बघतात, सही घेतात, किल्ली देतात. त्यांना यासाठी दोन संध्याकाळी शिकवलं आणि महिन्याला वेगळी रक्कम वाढवून दिली. पैसे न देता काम सरकवलं असतं तर तीच चूक झाली असती. बिलांच्या नोंदी मालवणातल्या अकाउंटंटच्या ऑफिसकडे सोपवल्या.

महिन्याभराने पुन्हा एक आठवडा वही लिहिली. फोन साडेतीन तासांवर आले होते, रात्री थांबणं एका तासावर, नोंदी शून्यावर. एकूण साडेबावन्न. आदर्श नाही, पण सुट्टीचा दिवस सुट्टीचा झाला होता.

नुकसान झालं का? झालं. रात्रीच्या काही चौकशा हातच्या गेल्या. एका पाहुण्याने “लगेच उत्तर देत नाहीत” असं लिहिलं. ते मी सोसायचं ठरवलं. दोन आठवडे तिच्यात काही फरक पडला नाही आणि मला वाटलं, उशीर झाला. तिसऱ्या आठवड्यात ती टॉवेलच्या दर्जावरून लॉन्ड्रीवाल्याशी कडाडून भांडली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

अपेक्षा बदलायच्या म्हणजे काय? पाहुण्यांना थोडंच चालणार आहे?

अपेक्षा पुष्कळदा आपणच लावलेल्या असतात आणि त्या हिशोबात बसत नाहीत. आमचा रविवार घ्या. चेक-आउट दहाला, चेक-इन बाराला, असं आम्ही वर्षानुवर्षं लिहीत होतो. रविवारी चौदा खोल्या एकदम रिकाम्या होतात. एक खोली नीट करायला अर्धा तास लागतो: चादरी बदलणं, बाथरूम घासणं, वाळू झाडणं. समुद्राकाठी वाळू हा वेगळाच उद्योग असतो. चौदा खोल्यांचे सात तास झाले. हाताशी तीन बायका, म्हणजे क्षणभर न थांबता प्रत्येकीला दोन तास वीस मिनिटं. आणि वेळ दिलेला दोन तास! म्हणजे त्या दर रविवारी हरणारच होत्या. बारा वाजता पाहुणा दारात, मी काउंटरवरून ओरडतेय, आणि मावशी धावतायत. त्यांच्यात काही कमी नव्हतं. वेळापत्रकच अशक्य होतं.

आम्ही चेक-इन दोन वाजता केलं. तीन बायकांना आता चार तास मिळतात, त्यात चहा आहे, बसणं आहे, एखादी खोली फार घाण निघाली तर तिच्यासाठी वेळ आहे. लवकर येणाऱ्यांसाठी सामान ठेवायला जागा, सरबत आणि एक स्वच्छ बाथरूम ठेवलं. फार थोडे कुरकुरले. स्वयंपाकघरातही तेच केलं. दुपारचं जेवण सकाळी दहापर्यंत सांगायचं आणि मे महिन्यात माशांचे प्रकार त्या दिवशी जे चांगलं मिळेल त्यातले दोनच. नव्या स्वयंपाक्याला एका वेळी सहा तव्यांकडे बघायची वेळ येत नाही आणि पानात येणारी सुरमई उलट जास्त चांगली येते.

त्यापेक्षा बोनस दिला तर? किंवा मदतीला एक माणूस वाढवला तर?

पगार मुळात कमी असेल तर तो आधी वाढवा, त्याला पर्याय नाही. पण अति कामावर बोनस हा इलाज नाही. तो माणूस बोनस घेऊन जातो, कारण त्याला पैशापेक्षा झोप हवी असते.

माणूस वाढवण्याबद्दल एक धोका सांगते. मे महिन्याच्या मध्यावर आणलेला नवा माणूस पहिले दोन-तीन आठवडे काम वाढवतो. त्याला शिकवायचं कोणी? जो आधीच वाकलाय त्यानेच. आम्ही हे करून बसलो आहोत. मे महिन्यासाठी लागणारा माणूस शिमग्याच्या आधी आणावा आणि हलक्या दिवसांत शिकवावा. तोवर आणता आला नाही तर सीझनमध्ये माणूस न वाढवता काम कमी करावं, अगदी शनिवारी दोन खोल्या बंद ठेवाव्या लागल्या तरी.

सीझनमध्ये साठलेल्या सुट्ट्या पावसात दिल्या तर चालतं ना?

अर्धवट चालतं. पाऊस हा आपल्याकडचा मोठा आधार आहे, हे खरं. मे अखेरीला जलक्रीडा बंद होतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पाहुणे ओसरतात. मोठी सुट्टी तेव्हाच द्यावी, आणि पगारी द्यावी. बिनपगारी ‘आराम’ दिलात तर माणूस जुलैमध्ये गोव्यात काम शोधेल.

पण मे महिन्यातला थकवा जुलैत फेडता येत नाही. रात्री अकराला सुटलेल्या माणसाला सकाळी सहाच्या नाश्त्याला बोलावलं तर मधल्या सात तासांत घरी जाणं, आंघोळ, जेवण, झोप, परत येणं सगळं आलं. ड्युटी लावताना मी एक नियम पाळते, दोन पाळ्यांच्या मध्ये किमान अकरा तास. हुकलेली साप्ताहिक सुट्टी दहा दिवसांत द्यायची, नाही जमलं तर त्या महिन्याच्या पगारात पैसे. वहीत नुसत्या साठत गेलेल्या सुट्ट्या कोणालाच मिळत नाहीत, आणि हे माणसांना आपल्याआधी कळतं. आस्थापनांच्या कायद्यात जादा तासांचे पैसे दुप्पट दराने द्यायची तरतूद आहे, ती माहीत करून घ्या.

गणपतीत सगळ्यांनाच सुट्टी हवी असते. भांडणं टाळायची कशी?

कोकणी माणसाला गणपतीत कामावर ठेवायचं म्हणजे त्याचा वर्षभराचा राग विकत घ्यायचा. पण यात एक सोय आहे, सगळ्यांचे गणपती सारखे नसतात. कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा सात, कोणाचा अकरा. मी जुलैत सगळ्यांना बसवून घरचा गणपती किती दिवसांचा ते विचारते आणि त्याप्रमाणे तक्ता करते. दीड दिवसवाला तिसऱ्या दिवशी परत येतो, तेव्हा पहिल्या दिवशी थांबलेला घरी जातो. चतुर्थीच्या दिवशी कोण थांबणार हा एकच कठीण प्रश्न उरतो, आणि त्यासाठी गेल्या वर्षीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. गेल्या वर्षी थांबलेल्याला यंदा पहिली सुट्टी. त्या दोन दिवसांत आम्ही बुकिंग निम्म्यावरच थांबवतो.

आमचा घरचा धंदा आहे, पुतण्या-भाचे हाताशी असतात. त्याचा काही संबंध?

फार मोठा. बर्नआउटवर आयुष्यभर संशोधन केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर यांनी त्याची सहा मुळं सांगितली आहेत: कामाचा भार, आपल्या कामावर आपला ताबा, मोबदला, सोबतच्या माणसांशी नातं, न्याय आणि मूल्यं. आपण नेहमी पहिल्याकडेच बघतो. घरच्या धंद्यात पाचवं मूळ खोल गेलेलं असतं. मालकाचा भाचा अकराला उठतो, काउंटरवर बसून मोबाइल बघतो, आणि त्याच्या वाटचं बाहेरची मुलगी ओढते. ती काम करून जितकी दमत नाही तितकी हे रोज बघून दमते.

इथे उपाय कडूच आहे. तक्त्यावर घरच्यांची नावं इतरांसारखीच, रात्रपाळीसकट, आणि उशिरा आले तर हजेरीत उशीरच. मी हे केलं तेव्हा घरात चार दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कामाची माणसं वेगळ्या नजरेने बघायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

डॉक्टरकडे कधी पाठवायचं?

काम कमी करूनही महिन्याभरात फरक पडला नाही तर. सततचा थकवा रक्त कमी असल्यानेही असतो, थायरॉइडनेही असतो, म्हणून साधी रक्ततपासणी करून घ्यायला सांगावं आणि खर्च आपण करावा. झोप उडालेली असेल, जेवण सुटलं असेल, कामाबाहेरही कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि ते मालकाच्या हातातलं काम नव्हे. जगायचा कंटाळा आला असं कोणी बोललं तर वाट बघू नका, एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा. टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, रात्रंदिवस चालतो. तो आमच्या स्वयंपाकघरात दरवाजामागे लावलेला आहे, जिथे कोणी न बघता टिपून घेता येईल.

राजीनामा आलाच. आता काय?

पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न करायच्या आधी ऐका. तो कशामुळे जातोय हे विचारा आणि बचाव करू नका. तो थांबला तर त्याच कामावर नको. काय बदललं ते आधी लिहून द्या. थांबला नाही तर हिशोब वेळेत चुकता करा आणि चांगल्या शब्दांत निरोप द्या. कोकणात गावं जवळजवळ आहेत, तुमच्याकडून कोण कसा गेला हे कुडाळच्या बाजारात दुसऱ्या दिवशी माहीत असतं.

मग लगेच, त्याच आठवड्यात, त्याच्या कामांची यादी करा आणि तिसरा हिस्सा खोडा. उरलेलं वाटताना बघा, ते सगळं एकाच माणसाकडे जातंय का. जात असेल तर पुढचा जाणारा तोच. मामा गेले तेव्हा त्यांची मासे साफ करण्यापासून सोलकढीपर्यंतची सगळी कामं मी त्यांच्या हाताखालच्या मुलाला दिली होती, कारण त्याला ती येत होती. दिवाळीनंतर तोही गेला.